आमची वाटचाल: ४८ तास आणि एक सावली

आमचा स्टुडिओ तीन जणांचा. पोट चालतं ते दुसऱ्यांच्या गेमवर: कुणाचे मेनू, कुणाचं अ‍ॅनिमेशन. स्वतःचं काही करायला सलग वेळ मिळतो तो ४८ तासांत अख्खा गेम बनवायच्या गेम जॅममध्येच, म्हणून यंदा आम्ही त्यात उतरलो. रविवारी संध्याकाळी गेम जमा केला, आणि डोकं शांत झाल्यावर तिघं बसून काय साधलं, काय फसलं ते लिहून काढलं.

कल्पना छोटी होती. दर दहा सेकंदांनी तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता, आणि मागच्या फेरीत तुम्ही जे केलं तेच आता तुमची सावली करते. एका फेरीत बटणावर उभं राहायचं; पुढच्या फेरीत सावली बटण दाबून धरते आणि तुम्ही उघड्या दारातून निघून जाता. शुक्रवारी सहाला सुरुवात झाली आणि रात्री दहाला हे सगळं चालत होतं. चित्रं नव्हती, नुसते रंगीत चौकोन. पण चौकोनांनी खेळतानाच आम्ही तिघं हसत होतो, आणि यातच जीव आहे हे तेव्हाच कळलं. पुढच्या वेळीही पहिले चार तास याच पद्धतीने काढणार.

फसलं ते सावलीतच. तिची नोंद ठेवायला मी प्रत्येक फ्रेमला कोणती की दाबलेली आहे ते साठवत होतो आणि पुढच्या फेरीत त्याच की पुन्हा ‘दाबत’ होतो. आमच्या मशीनवर शनिवारभर काहीच बिघडलं नाही. रविवारी सकाळी अकराला पहिल्यांदा ब्राउझरमध्ये चालणारा वेब बिल्ड काढला, आणि पाचच मिनिटांत आमच्या चित्रकार मुलीने हाक मारली, “दादा, सावली बटणाच्या अलीकडेच थांबतेय.”

कारण शोधायला दोन तास गेले. आमच्याकडे फ्रेमचा वेग कायम सारखा होता, ब्राउझरमध्ये तो खालीवर होत होता. समजा, नोंद होताना सेकंदाला ५० फ्रेम पडल्या आणि तुम्ही उजवी की एक सेकंद दाबून धरली. नोंदीत ५० फ्रेम आल्या. पुढच्या फेरीत वेग ६० झाला, तर त्याच ५० फ्रेम ०.८३ सेकंदात संपतात. आमचा खेळाडू सेकंदाला २०० पिक्सेल चालतो. सावली मात्र १६७ पिक्सेलवर थांबते. ३३ पिक्सेल कमी, आणि आमचं बटण ३२ पिक्सेल रुंद!

मग की साठवणं सोडलं आणि जागाच साठवली. गोडो इंजिनमध्ये भौतिकीचा ठोका मुळात सेकंदाला ६० वेळा पडतो, चित्र कितीही वेगाने उमटो:

```
func _physics_process(_delta):
    path.append(global_position)
```

दहा सेकंदांच्या ६०० जागा. सावली त्या एकेक करून गाठते, चुकायला वावच नाही. पण याची किंमत मोजावी लागली. आता सावलीला आजूबाजूचं काही कळत नाही. वाटेत ढकलायचं खोकं आलं तर ती सरळ आरपार जाते. ठरवलेल्या नऊपैकी पाच लेव्हल खोक्यांवर उभ्या होत्या. त्या काढून टाकल्या आणि चारच जमा केल्या. त्या पाच लेव्हलवर शनिवारची अख्खी दुपार गेली होती, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

हा दोष शनिवारीच सापडला असता. फ्रेमच्या वेगाला मर्यादा घालणारं `Engine.max_fps` आधी ३० आणि खेळता खेळता ६० केलं असतं, तर सावली तिथल्या तिथे भरकटलेली दिसली असती. म्हणून पुढच्या वेळी रिकामा का होईना, पहिला वेब बिल्ड शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी निघेल, आणि नोंद किंवा वेळ यांच्याशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट दोन वेगांवर तपासूनच पुढे जाऊ.

कापायचं काय, यावर वाद झाला नाही. सुरुवातीच्या गोष्टीच्या अ‍ॅनिमेशनला सहा तास लागले आणि ज्यांना खेळताना आम्ही पाहिलं ते बहुतेक सगळे ते ओलांडून पुढे गेले. ते जाईल. सेटिंगचा मेनूही जाईल. ‘क्लिक करून सुरू करा’ एवढा एक पडदा ठेवू, कारण खेळणाऱ्याने काही दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज चालू होऊ देत नाही. आणि लेव्हल तीनच आखायच्या. चौथी रविवारी दुपारी वेळ उरला तर.

जॅमनंतर कामाच्या मधल्या फटींतून त्या चारच्या अकरा लेव्हल झाल्या आहेत. खोकं अजून परत आणलेलं नाही. सावलीच्या वाटेत ते आलं तर तिने थांबायचं की तिथेच विरून जायचं, यावर आमचं तिघांचं अजून एकमत होत नाहीये.