आमची वाटचाल : एका पानाचं सोयाबीन पत्रक

औसा तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. २००७ साली भागीदारीत सुरू केलं. भागीदार कृषी पदवीधर, म्हणून परवाना त्याच्या नावावर. गाळा आणि भांडवल माझं. पहिल्या बारा-तेरा वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खत आलं, बियाणं गेलं, उधारी थोडी वसूल झाली, थोडी बुडाली. या धंद्यातल्या माणसाला ती वर्षं न सांगताच कळतील.

सांगायचंय ते २०२० पासूनचं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऐन काढणीत पाऊस बसला. शेंगा रानात भिजल्या, लावलेल्या गंजी आतून तापल्या. तेच सोयाबीन पुढच्या जूनमध्ये बियाणं होऊन आलं, कंपनीच्या बॅगेतही आणि घरच्या पोत्यातही. खरीप २०२० मध्ये बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यात हजारो तक्रारी झाल्या आणि औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. हे सगळ्यांनी पेपरात वाचलं. आमच्या काउंटरवर मात्र माणसं कुजलेले दाणे मुठीत घेऊन यायची. ज्या कंपनीचा माल होता तिच्या माणसाचा फोन आठवडाभर लागेना. शेतकरी आमच्या तोंडावर, कंपनी पडद्याआड.

आम्ही तरलो ते बिलांमुळे. प्रत्येक बिलावर लॉट नंबर होता. नवीन दुकानदारांना म्हणून सांगतो, गर्दी कितीही असो, लॉट नंबर लिहिल्याशिवाय बॅग दाराबाहेर जाऊ देऊ नका. आणि शेतकऱ्यांनी बॅग, टॅग, पावती आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावं. पंचनाम्याला दुसरं काही उपयोगी पडत नाही.

तरीही त्या वर्षीची उधारी आलीच नाही. ज्याचं रान उगवलं नाही त्याच्याकडे कोणत्या तोंडानं मागायची? बँकेचं खातं थकलं. दिवाळीत भागीदार म्हणाला, वेगळं होऊ. झाला. परवाना घेऊन गेला आणि तीन महिन्यांत समोरच्याच गाळ्यात दुकान थाटलं. पुतण्याची कृषी पदविका झालेली होती म्हणून आम्हाला त्याच्या नावावर नवा परवाना मिळाला, नाहीतर शटर तेव्हाच खाली आलं असतं. मधल्या दिवसांत आमच्या दुकानात विकायला फक्त ताडपत्री, दोर आणि खुरपी होती.

त्याच रिकामपणात पत्रकाचं काम हाती घेतलं. पुढच्या हंगामात बियाण्याची ओढ पडणार हे दिसत होतं. सोयाबीनला संकरित बियाण्यासारखं दरसाल विकत घ्यावं लागत नाही. सरळ वाणाचं घरचं बी चालतं, पण पेरण्याआधी ते उगवतंय का हे तपासावं लागतं. कृषी खातं हेच सांगत होतं. भागीदाराच्या हातचं एक जुनं पत्रक आमच्याकडे होतं. त्यातलं एक वाक्य असं होतं:

‘बियाण्याची उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास शिफारशीत बियाणे दरात प्रमाणशीर वाढ करून पेरणी करावी, तथापि ६० टक्क्यांपेक्षा कमी उगवणक्षमतेचे बियाणे पेरणीसाठी वापरू नये.’

यात चूक एकही नाही. हे पत्रक मी आबांच्या हातात दिलं. आबा आमचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. चार एकर रान, शिक्षण चौथी. दुकान रिकामं होतं तेव्हाही ते रोज येऊन बसायचे आणि गरज नसताना दोर घेऊन जायचे. ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळं वाचलं. मी विचारलं, “समजलं का?” म्हणाले, “समजलं की.” मग मी विचारलं, “आबा, एकरी किती पेराल?” तर म्हणाले, “सत्तर किलो.”

तेव्हापासून ‘समजलं का’ हा प्रश्न मी बंद केला. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस हो म्हणतोच. त्याऐवजी सोयाबीनचं पोतं, गोणपाट आणि सुतळी पुढ्यात ठेवायची आणि म्हणायचं, कागदात लिहिलंय तसं करा. आपण गप्प बसून बघायचं.

दुसरी परीक्षा आमच्या गल्लीतल्या काकूंची. त्या मजुरीला जातात, त्यांना वाचता येत नाही. त्यांची नात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला. आपल्याकडे असे कागद बहुतेक घरांत असेच वाचले जातात, पोर वाचतं आणि मोठी माणसं ऐकतात. नात जिथं अडखळली तिथं मी पेन्सिलीनं खूण करत गेलो. उगवणक्षमता, शिफारशीत, प्रमाणशीर, तथापि. खुणा झालेले सगळे शब्द काढले. दुसरी गोष्ट त्या दिवशी लक्षात आली ती ‘वापरू नये’ची. ते वाक्याच्या अगदी शेवटी येतं. पोरगी तिथं पोचेपर्यंत काकूंचं लक्ष चुलीकडे गेलेलं, आणि त्यांच्या कानात राहिलं ते ‘बियाणे पेरणीसाठी’ एवढंच. म्हणून मनाईचं वाक्य चार-पाच शब्दांचं केलं आणि त्याला वेगळी ओळ दिली.

टक्के काढून टाकायला वेळ लागला नाही. शंभर बिया घेतल्या की टक्के आपोआप मोजले जातात. पण शंभर मोजतानाही मध्येच चुकायला होतं. म्हणून दहा-दहाच्या दहा ओळी. या बिया कुठून घ्यायच्या, हेही लिहावं लागलं. आबांनी पोत्याच्या तोंडाशी असलेलं टपोरं बी निवडून घेतलं होतं. आमच्याकडे पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी आहे, ती घरोघरी नसते. मग लिहिलं: वरून एक मूठ, मधून एक, खालून एक. कालवा. न निवडता शंभर बिया मोजा.

‘सावलीत ठेवा’ हे मला अगदी साधं वाक्य वाटत होतं. आबांनी गुंडाळी लिंबाखाली ठेवली. दुपारी सावली सरकली, गोणपाट वाळलं, बी मेलं. बियाण्यात काही दोष नव्हता, पण परीक्षा नापास. मग लिहिलं, घरात माठाजवळ ठेवा. ‘ओलसर ठेवा’ वाचून काकूंनी गुंडाळी बादलीत बुडवली. बी कुजून वास सुटला. त्यावर लिहिलं, रोज पाणी शिंपडा, दाबल्यावर पाणी गळायला नको. बिया मोजून घेतल्यावरचा पत्रकाचा भाग शेवटी असा झाला:

गोणपाट ओलं करा. पिळून घ्या.
त्यावर बिया मांडा. एका ओळीत १०. अशा १० ओळी.
हलक्या हातानं गुंडाळा. सुतळी बांधा.
घरात माठाजवळ ठेवा. रोज पाणी शिंपडा.
दाबल्यावर पाणी गळायला नको.
सातव्या दिवशी उघडा.
चांगला मोड आला तेवढंच बी मोजा.
बुरशी आलेलं मोजू नका. मऊ पडलेलं मोजू नका.

आता दर. १०० पैकी ७० बिया उगवल्या तर एकरी ३० किलो बी लागतं. त्याखाली प्रत्येक बीमागं अर्धा किलो वाढवायचं, असा कृषी खात्याचा हिशेब. हे वाक्य असंच छापलं असतं तर पुन्हा गोंधळ झाला असता, कारण त्यात वजाबाकीही आहे आणि अर्धाही आहे. पुतण्यानं युक्ती काढली, फक्त सम आकडे घ्यायचे. ७० ला ३०, ६८ ला ३१, ६६ ला ३२, ६४ ला ३३, ६२ ला ३४, ६० ला ३५. अर्धा किलो कुठेच येत नाही. ६५ उगवल्या तर खालची, म्हणजे ६४ ची ओळ धरायची. अर्धा किलो जास्त पडलं तर पडू दे. खाली लिहिलं: ‘६० पेक्षा कमी? हे बी पेरू नका.’

आकड्यांच्या या टेबलाखाली पत्रकात एक उदाहरण दिलं, आबांचंच, नाव न घालता. चार एकर रान. १०० पैकी ६४ उगवल्या. एकरी ३३ किलो. चार एकरांना १३२ किलो. या उदाहरणावरून माणसं आपला हिशेब करतात, नियमावरून करत नाहीत. टेबलातले आकडे आम्ही मराठीत आणि इंग्रजीत असे दोन्ही छापले, कारण वजनकाट्यावर इंग्रजी दिसतात आणि आबांच्या पिढीला मराठी लवकर लागतात.

छपाईत डीटीपीवाल्याशी भांडण झालंच. त्याला दोन्ही कडा सरळ हव्या होत्या. तसं केलं की शब्दांत फटी पडतात आणि ओळ नको तिथं तुटते. ‘एकरी ३३’ वरच्या ओळीत आणि ‘किलो’ खालच्या ओळीत गेलं, तर अडखळत वाचणारा तिथंच थांबतो. मी सांगितलं, एक वाक्य एक ओळ, उजवी कड कशीही राहू दे. अक्षर मोठं, शाई काळी, कागद पांढरा आणि न चमकणारा.

पुढच्या वर्षी भागीदाराच्या समोरच्या दुकानात आमचंच पत्रक आलं. शब्द न् शब्द आमचा. गुळगुळीत कागद, हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरं, वर त्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो. फोटोला जागा पुरेना म्हणून टेबलाच्या शेवटच्या दोन ओळी उडवल्या आणि ‘हे बी पेरू नका’ हेही गेलं. ज्या ओळीसाठी आम्ही सगळा खटाटोप केला तीच नेमकी. बोलायला गेलो तर म्हणाला, पत्रकावर कुणाची मालकी असते का? वर लोकांना सांगतो, मूळ पत्रक माझंच. मूळ त्याचंच होतं, हे खरं आहे. त्यात ‘तथापि’ होतं.

घरच्या बियाण्याचं पत्रक वाटून तुम्ही आपलंच गिऱ्हाईक घालवता, असं मला बरेच जण म्हणाले. बॅगा कमी गेल्या हे खरं. पण घरचं बी पेरणारा बुरशीनाशक आणि जिवाणू खत आमच्याकडूनच नेतो, आणि दोन हंगामांत बँकेचं खातं नियमित झालं.

सध्या बीजप्रक्रियेच्या पत्रकाचं काम चालू आहे. कार्बोक्सिन-थायरम हे बुरशीनाशक एक किलो बियाण्याला ३ ग्रॅम लागतं. तीन ग्रॅम घरी कोण मोजणार? पुड्या बांधून द्याव्यात तर औषध सुटं विकायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून उलटा हिशेब केला: १०० ग्रॅमचं एक पाकीट, ३३ किलो बी. पाकिटातली सूचनापत्रिका आम्ही बदलू शकत नाही, आमचं पत्रक बिलासोबत वेगळं जातं, आणि प्रमाण लेबलावरचंच राहतं. क्रम मात्र अजून जमलेला नाही. आधी औषध लावायचं, बी सावलीत सुकवायचं, आणि पेरणीच्या तोंडावर जिवाणू खत, १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट. काकूंनी दोन्ही एकाच घमेल्यात कालवलं. औषधानं जिवाणू मरतात हे कारण सांगून उपयोग झाला नाही. आता ‘रात्री औषध, सकाळी जिवाणू’ असं लिहून बघितलंय. नात ते न अडखळता वाचते. काकूंकडून करून घ्यायचं राहिलंय.