खूण लगेच ओळखली

फोनवरचा माणूस एका मोठ्या कार्यालयाचा खरेदी अधिकारी होता. आम्ही त्याला आधी मेलवर एका खुर्ची कंपनीच्या लोगोतली फक्त खूण पाठवली होती, नाव झाकून. तो म्हणाला, "ओळखली की. बसल्यावर हळूहळू खाली जाते ती खुर्ची ना?"

समोर नोंदी घेत बसलेल्या विद्यार्थिनीचा हात थांबला. ती डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडे दोन महिने शिकायला आलेली. त्या दिवशी आम्ही असे 9 फोन केले. ते संपल्यावर तिने सरळ विचारलं, "मॅडम, लोगो इतका चांगला आहे. मग तो कंपनीला वर का काढू शकला नाही?" त्या संध्याकाळी तिला दिलेली उत्तरं अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

कंपनी ऑफिसच्या खुर्च्या बनवते. लोगो मी केला होता आणि तो चांगला आहे, हे मी आजही म्हणेन. दोन जाड रेषा, एक पाठीची, एक बैठकीची, आणि दोघींमध्ये फट. त्या फटीतच नावाचं पहिलं अक्षर दिसतं. खालची रेषा वळणदार असल्यामुळे ती मी सरळ अक्षरांच्या तळापेक्षा किंचित खाली उतरवली. मोजून एका ओळीत ठेवली असती, तर डोळ्याला ती वर उचललेली वाटली असती. ब्राउझरच्या टॅबवर, 16 पिक्सेलमध्ये, फट बुजून नुसता ठिपका उरत होता, म्हणून लहान आकारासाठी फट रुंद केलेलं वेगळं रेखाटन केलं. खुर्चीच्या प्लास्टिकच्या पाठीवर खूण उठावात यायची होती, त्यामुळे साचेवाल्यांबरोबर बसून कडांना उतार दिला, नाहीतर भाग साच्यातून सुटताना कडा ओरबाडल्या जातात. या कामात मला खोट सापडत नाही.

"खोट कुठे आहे मग?"

मी तिच्यासमोर मूळ ब्रीफ ठेवलं, म्हणजे लोगोचं काम देताना कंपनीने लिहून दिलेला कागद. 'ग्राहक कोण' या रकान्यात लिहिलं होतं: सर्व आकाराची कार्यालयं आणि घरून काम करणारे. 'आपलं वेगळेपण' या रकान्यात गुणवत्ता, विश्वास, नावीन्य. मी तिला म्हटलं, यात कंपनीचं नाव खोडून प्रतिस्पर्ध्याचं घाल आणि वाच. तिने वाचलं. एकही शब्द खोटा पडला नाही. धोरण कच्चं आहे हे ओळखायची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही. पक्क्या धोरणात कुणाला तरी 'तुम्ही आमचे ग्राहक नाही' असं म्हटलेलं असतं, आणि ते म्हणताना विक्री विभागाच्या पोटात गोळा आलेला असतो.

इथे तसं कुणी म्हटलं नव्हतं. संचालकांना दिवसाचे दहा तास बसणाऱ्यांसाठीची महागडी खुर्ची घडवायची होती. विक्री विभागाला घाऊक निविदा जिंकायच्या होत्या आणि तिथे सगळ्यात कमी दर भरणारा जिंकतो. दोघांचंही मन राखलं गेलं. चांगल्या फोमची, कमरेचा आधार वरखाली होणारी खुर्चीही निघाली आणि हलका गॅस लिफ्ट बसवलेली स्वस्त खुर्चीही. गॅस लिफ्ट म्हणजे बैठकीखालची नळी. तिची सील कमकुवत असली की दाब निसटतो आणि माणूस बसल्या बसल्या इंच इंच खाली जातो. दोन्ही खुर्च्यांच्या पाठीवर माझीच खूण, तितक्याच सफाईने उठावलेली.

स्वस्त खुर्च्या जास्त खपल्या. म्हणजे बहुतेकांनी ती खूण पहिल्यांदा पाहिली ती खाली जाणाऱ्या खुर्चीवर. खूण ठसठशीत होती, म्हणून लक्षात राहिली, आणि तिच्याबरोबर तो अनुभवही. पुढे कंपनीचा माणूस महागडी खुर्ची दाखवायला गेला की समोरचा पाठीवरची खूण बघूनच आक्रसायचा. 9 पैकी 7 जणांनी नाव झाकलेली खूण ओळखली. या खुर्च्या कशासाठी घ्याव्यात, याची उत्तरं मात्र नऊ प्रकारची आली. जाहिरात संस्थेतल्या आमच्या सहकाऱ्याने अहवालात पहिला आकडा ठळक अक्षरांत टाकला आणि दुसरी गोष्ट परिशिष्टात. हे मला पटलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं.

तिचा पुढचा प्रश्न चांगला होता. "पण नायकीची खूण? तिने कंपनी मोठी केलीच की."

मी म्हटलं, ती खूण 1971 साली कॅरोलिन डेव्हिडसन या डिझाइनच्या विद्यार्थिनीने काढली, आणि नायकीचा सहसंस्थापक फिल नाइटला ती सुरुवातीला फारशी आवडलीही नव्हती. तेव्हा तिच्यात काहीच भरलेलं नव्हतं. धावपटूंसाठीच बूट करायचे हे त्या माणसांचं आधी ठरलेलं होतं, आणि पुढे वर्षानुवर्षं धावणाऱ्यांच्या पायांत ती दिसत गेली. तिचा अर्थ तिथे तयार झाला.

मग मी तिला उलटं उदाहरण दिलं. 1986 साली स्टीव्ह जॉब्सने नेक्स्ट या नव्या संगणक कंपनीसाठी नामवंत डिझायनर पॉल रँडकडून लोगो करून घेतला, 1 लाख डॉलर देऊन. रँडने पर्याय दिलेच नाहीत. 28 अंशांत कललेला काळा ठोकळा, त्यावर चार अक्षरं दोन ओळींत, आणि त्यामागचा विचार उलगडणारी एक पुस्तिका. लोगो अप्रतिम होता. संगणकही तंत्रात पुढचा होता. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब त्याच्यावरच उभं केलं. पण तो विकायचा होता विद्यापीठांना, आणि 1988 मध्ये जाहीर झाला तेव्हा किंमत होती 6,500 डॉलर, विद्यापीठांना परवडेल त्याच्या कितीतरी वर. पुढे तो व्यावसायिकांकडेही नेला गेला. 1993 मध्ये कंपनीने संगणक बनवणं थांबवलं.

"मग तिथे लोगो कमी पडला, असं म्हणायचं?"

"नाही. लोगो सांगतो, हे आम्ही. 'आम्ही' म्हणजे कोण आणि कुणासाठी, हे त्याला ठरवता येत नाही. ते किमतीत, वॉरंटीत, कुठली निविदा सोडून द्यायची यात ठरतं."

ती थोडा वेळ ब्रीफकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही काढायला घेण्याआधी वाचलं होतं ना?"

वाचलं होतं. पहिल्याच बैठकीत मी 'ग्राहक कोण' या रकान्यावर बोट ठेवलं होतं. संचालक म्हणाले, ते आम्ही बघतो, तुम्ही चिन्हाचं बघा. आमच्या धंद्यात पैसे चिन्हाचे मिळतात, आणि प्रश्न विचारण्याचा वेळ फुकटात धरतात, ही रीत मला नेहमी खटकते. तरी त्या दिवशी मी गप्प बसले, त्याचं कारण पैसा नव्हता. रात्री कागदावर ती फट सापडली होती आणि ती मला हातची जाऊ द्यायची नव्हती.

हे मी तिला तसंच सांगितलं. तिने लिहून घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. विक्री वाढत नाही, तर लोगो थोडा ताजा करता येईल का, असं विचारत होते. मी म्हटलं, आधी स्वस्त खुर्चीवरून खूण काढा, किंवा तिचा गॅस लिफ्ट बदला. दोन्हींपैकी काय करणार ते ठरवा, मग भेटू. अजून उत्तर आलेलं नाही.