फाटा चुकला, कारण आम्ही बोलत होतो

दोन दिवसांचा प्रवास होता. बाइक मी चालवत होते, ताई मागे. दोघींच्या हेल्मेटमध्ये एकाच मॉडेलचे इंटरकॉम आणि रस्ता सांगायला माझ्या फोनवर गूगल मॅप्स. निघून तासही झाला नव्हता तोच डावीकडचा फाटा मागे पडला. बाजूला थांबून फोन पाहिला तर नेव्हिगेशन चालू, आवाज पूर्ण, पण कानात एक अक्षर आलं नव्हतं.

ताई म्हणाली, "अगं, आपण बोलत होतो ना तेव्हा?" तिथेच गाठ सुटली.

फोन नेव्हिगेशनची सूचना गाण्यासारखीच, मीडियाचा आवाज म्हणून पाठवतो. इंटरकॉममध्ये मात्र आवाजांचा मान ठरलेला असतो. बहुतेक उपकरणांत फोनकॉल सगळ्यांत वर, त्याखाली आपापसातलं बोलणं आणि गाणी शेवटी. बोलणं सुरू झालं की गाणी थांबतात, आणि "पुढे डावीकडे वळा" हेही गाण्याच्याच वाटेने येत असल्याने गाण्यांबरोबर गप्प होतं. बीप नाही, दिवा नाही, काहीच कळत नाही. दोन्ही आवाज एकावर एक ऐकवणारी नवी मॉडेल्स आहेत, पण त्यांतही ती सोय सेटिंगमधून चालू करावी लागू शकते.

आपलं उपकरण कसं वागतं हे बाइक उभी असतानाच तपासा. इंटरकॉम चालू करून एकीने सलग आकडे म्हणत राहायचं आणि दुसरीने मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमधलं `Play test sound` दाबायचं. आवाज आला तर प्रश्नच मिटला. नाही आला तर आधी त्याच पानावरचं `Play voice over Bluetooth` चालू आहे का पाहा, मग इंटरकॉम बंद करून पुन्हा दाबा. आता ऐकू आलं, तर तुमचीही अडचण आमचीच.

पेअरिंगमध्येही अर्धा तास गेला होता, त्याचं कारण साधं होतं. फोनच्या यादीत दोन्ही हेल्मेटं एकाच नावाने दिसत होती आणि माझा फोन ताईच्या हेल्मेटला जाऊन चिकटला. शेवटी दोन्हींतली जुनी पेअरिंग पुसली, ताईचं हेल्मेट बंद ठेवलं आणि आधी फक्त माझं हेल्मेट माझ्या फोनला जोडलं. फोनमध्ये त्याचं नाव बदलून 'पुढचं' ठेवलं. त्यानंतर ताईचं चालू करून दोन्ही हेल्मेटं एकमेकांना जोडली. तिचा फोन सगळ्यांत शेवटी, आणि फक्त तिच्या हेल्मेटला. तोवर त्याचं ब्लूटूथ बंदच ठेवा.

पहिल्या दिवसाचा उरलेला रस्ता आम्ही गाणी वाटून घेत काढला, आणि त्यात एक चांगली गोष्ट कळली. म्युझिक शेअरिंगमध्ये माझ्या हेल्मेटला फोनकडून जे येतं तेच पुढे ताईच्या हेल्मेटला जातं. सूचना आली की गाण्याचा आवाज फोनच कमी करतो आणि दोन्ही एकत्र पाठवतो, त्यामुळे सूचना दोघींनाही ऐकू आली. मी वळायला विसरले तर ताई खांद्यावर टिचकी मारायची. मात्र आमच्या मॉडेलमध्ये शेअरिंग चालू असताना बोलता येत नाही. बोलण्याचं बटण दाबलं की गाणं तुटतं आणि नंतर शेअरिंग हाताने पुन्हा सुरू करावं लागतं. म्हणून फाटे जवळ असलेल्या भागात गाणी आणि लांब सरळ रस्त्यावर गप्पा, असं ठरवून टाकलं.

रात्री मुक्कामावर दुसरा उपाय करून पाहिला. ओसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये सूचना कोणत्या वाटेने पाठवायची ते निवडता येतं. तिथे फोनकॉलचा आवाज निवडला, की हेल्मेटला वाटतं कॉल आला. कॉलचा मान वरचा असल्याने बोलणं क्षणभर थांबतं, सूचना येते आणि आमच्या जोडीत बोलणं आपोआप परत सुरू होतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर हेच वापरलं, एकही वळण चुकलं नाही. खोट एवढीच की कॉलची जोडणी उघडायला थोडा वेळ लागतो आणि पहिला शब्द गिळला जातो. "डावीकडे वळा"मधलं "डावीकडे"च गेलं तर उरलेल्या "वळा"चा काय उपयोग? त्यासाठी त्याच ॲपमध्ये सूचनेआधी थोडा विलंब ठेवता येतो. तो वाढवत नेला तेव्हा पूर्ण वाक्य ऐकू आलं. आवाज मात्र टेलिफोनसारखाच सपाट राहतो.

आणखी एक, आवाजाची पातळी. बोलणं, गाणी आणि कॉल यांची पातळी आमच्या उपकरणात वेगवेगळी लक्षात राहते आणि ज्याचा आवाज चालू असेल त्याचीच बटणाने बदलते. ओसमअँडची पहिली सूचना कुजबुजल्यासारखी आली ती त्यामुळेच. ताईच्या फोनवरून मला कॉल लावला आणि तो चालू असतानाच पातळी वाढवली, तेव्हा बाइकच्या वेगातही सूचना स्पष्ट ऐकू येऊ लागली.