मेलच्या शेवटच्या ओळीतला 'टु'

शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत मी कामाला आहे. कास्टिंगचं मला फारसं कळत नाही. माझं काम बाहेरच्या गिऱ्हाइकांना मेल लिहायचं. मराठी शाळेत शिकलोय, पण इंग्रजीत अडत नाही, असं गेल्या वर्षापर्यंत मला वाटायचं.

एका जर्मन गिऱ्हाइकाचा माणूस पंप हाउसिंगची सॅम्पल बघायला येणार होता. तारीख ठरवण्यात चारपाच मेल गेले-आले. माझ्या प्रत्येक मेलच्या शेवटी होतं, 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू'. त्याच्या प्रत्येक मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू'. मला त्याची जरा दयाच आली. म्हटलं, बिचाऱ्याला टु नंतर क्रियापदाचं पहिलं रूप येतं हेही माहीत नाही. जर्मन आहे, चालायचंच. आठवीत फळ्यावर लिहून घेतलेला नियम होता तो. टु गोइंग नाही, टु गो. टु ईटिंग नाही, टु ईट. विषय संपला.

रविवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. मावशी हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. गंमत म्हणून तिला हा किस्सा सांगितला. ती हसली, पण जर्मनाला नाही.

"तुमच्या कारखान्यात काय म्हणता रे, माल कुठं गेलाय?"

"मशीनिंगला."

"आणि कशाची वाट बघताय?"

"मशीनिंगची. नाहीतर फेटलिंगची."

"मशीनिंगला म्हणतोस. 'मशीन कर'ला असं का म्हणत नाहीस?"

मी गप्प. तिचं म्हणणं असं की, ला, ची, चा हे प्रत्यय नामालाच लागतात, क्रियापदाला थेट लागत नाहीत. भेट किंवा भेटणे याची वाट बघता येते, 'भेटतो'ची बघता येत नाही. इंग्रजीत हे काम करणारे शब्द नामाच्या आधी येतात, आणि 'लुक फॉरवर्ड टु' मधला टु त्यांच्यातलाच. 'टु मुंबई' मधला टु. त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापदाचं नाम करायचं तर त्याला आयएनजी लावायचं. आम्ही दिवसभर पॅकिंग, ग्राइंडिंग, टेस्टिंग म्हणतो, तेच. आठवीतला टु वेगळा. तो क्रियापदाचाच भाग, 'टु गो' म्हणजे जाणे. दोघं दिसायला जुळे, काम मात्र निराळं.

घरी येऊन जीमेलच्या शोधपट्टीत टाकलं:

```
in:sent "looking forward to meet"
```

मग `meet` च्या जागी `hear` घातलं, आणि पानं संपेनात. कारण 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' ही ओळ मी सिग्नेचरमध्येच घालून ठेवली होती, नाव आणि फोन नंबरच्या वर. म्हणजे कोटेशनला तीच, आमच्या सीएला तीच, आणि तापामुळे दोन दिवस येणार नाही असं साहेबांना कळवलं त्यालाही तीच. स्पेलिंग तपासणीनं लाल रेघ मारण्याचा प्रश्नच नव्हता, सगळे शब्द आपापल्या जागी बरोबर लिहिलेले.

सिग्नेचर त्याच रात्री सुधारली. खरी फजिती पुढं झाली, कारण आता माझा हात सगळीकडे आयएनजी लावायला लागला. एका मेलचा शेवट 'होप टु हिअरिंग फ्रॉम यू सून'. दुसऱ्याचा 'प्लीज डू नॉट हेजिटेट टु कॉन्टॅक्टिंग मी'. पूर्वी या दोन्ही ओळी बरोबर होत्या, त्या मी शिकून बिघडवल्या.

मी मराठीवरून तपासत होतो, तिथं घोटाळा. भेटण्याची वाट बघतोय, भेटण्याची आशा आहे. मराठीत दोन्हीकडे 'भेटण्याची'च. इंग्रजीत मात्र पहिल्याला मीटिंग, दुसऱ्याला मीट. मावशी फोनवर म्हणाली, मराठी कारण समजायला ठेव, तपासायला नको. तपासायचं तर टु नंतर नुसतं 'इट', म्हणजे 'ते', घालून बघ. 'लुकिंग फॉरवर्ड टु इट' उभं राहतं, मग तिथं आयएनजी. 'होप टु इट' पडतं, 'हेजिटेट टु इट' पडतं, 'हॅपी टु इट' पडतं, मग तिथं साधं क्रियापद: होप टु हिअर, हेजिटेट टु कॉन्टॅक्ट, हॅपी टु हेल्प.

मी आमच्या ठरलेल्या सगळ्या ओळी या चाळणीतून काढल्या. 'वी आर कमिटेड टु डिलिव्हर ऑन टाइम' असं आमच्या प्रत्येक कोटेशनखाली असायचं. 'कमिटेड टु इट' चालतं, म्हणून डिलिव्हरिंग केलं. 'वी आर यूज्ड टु सप्लाय स्मॉल लॉट्स' याचंही सप्लाइंग झालं. तिथं मावशीनं एक बजावलं. मधला 'आर' गळाला तर 'वी यूज्ड टु सप्लाय' होतं, आणि ते व्याकरणात चोख बसतं. अर्थ मात्र 'आम्ही पूर्वी पुरवायचो' असा होतो. छोट्या ऑर्डरी आता घेत नाही असं गिऱ्हाईक समजणार, आणि विचारायलाही येणार नाही.

जिथं टु नसतोच, तिथं ही चाळणी चालत नाही. 'वी सजेस्ट टु मीट ऑन थर्सडे' हे चूक, 'सजेस्ट मीटिंग' पाहिजे, आणि याला पाठ करण्यावाचून इलाज नाही, सजेस्टची खोडच तशी. आणि 'रिग्रेट' दोन्हीकडे बसतं, म्हणून जास्त धोक्याचं. सॅम्पलला चार दिवस उशीर होणार होता. मी नव्या उत्साहात लिहिलं, 'वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू दॅट द सॅम्पल्स विल बी डिलेड'. पाठवण्याआधी सवयीनं मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना आधीच सांगून बसलास, आणि आता सांगितल्याचा पस्तावा होतोय, असं?" वाईट वाटतंय पण कळवतो म्हणायचं तर 'रिग्रेट टु इन्फॉर्म'. आयएनजी लावला की गोष्ट मागं घडून गेलेली ठरते.

जर्मन पाहुणा येऊन गेला. सॅम्पल पास झाली, एका हाउसिंगला ब्लोहोल निघालं ते सोडून. त्याला माझ्या 'टु मीट'बद्दल काही वाटलं होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. बहुधा त्यानं ती ओळ वाचलीच नसावी. मेलची शेवटची ओळ वाचतो कोण? आपणही नाही वाचत, म्हणून तर ती चूक इतकी वर्षं सिग्नेचरमध्ये सुखानं राहिली.

परवा माझ्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं. खाली ओळ होती, 'लुकिंग फॉरवर्ड टु द मीट'. मी लगेच मावशीला फोन लावला, म्हटलं बघ, कॉलेजवालेही चुकले.

"मीटच्या आधी काय आहे?"

"द."

"मग मेळावा झाला की तो. नाम आहे. त्याला कशाला आयएनजी लावतोस? जेवायला कधी येतोस ते सांग."