तात्यांच्या चष्म्यातला पांढरा चौकोन

निपाणीजवळच्या एका गावात आम्ही 1981 च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी टिपत होतो. आम्हाला मुलाखत देणारे तात्या आंदोलनाच्या वेळी ऐन तिशीत होते. खोली अंधारी म्हणून मी सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या चौकोनी कापडामागचा दिवा, कॅमेऱ्याला चिकटून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला उभा केला. चेहऱ्यावर उजेड छान पडला एवढंच बघितलं. चष्म्याकडे बघायचं राहून गेलं.

बेळगावला येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं आणि पोटात गोळा आला. डाव्या काचेत पांढरा चौकोन, उजवीत काळा कॅमेरा आणि त्यामागे मी. वाचायच्या खालच्या भिंगात तोच चौकोन पुन्हा, बारीक होऊन. आणि हे नेमकं आंदोलनातल्या गोळीबाराबद्दल बोलताना, 38 सेकंद. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने 950 फ्रेम. मुलाखतीचा जीव त्याच तुकड्यात होता.

आधी वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, उघडून पाहिला. काठाकडे चौकोन फिका होता आणि त्याच्या आरपार पापणी दिसत होती. मध्यभागी मात्र रेघ वर टेकून सपाट झाली होती. तिथे फक्त पांढरं आहे, खाली काहीच नोंदलेलं नाही. पुढचं सगळं काम या दोन भागांच्या फरकावर ठरलं.

पहिला दिवस वाया गेला. चौकोन तेवढाच दुरुस्त व्हावा म्हणून त्याच्याभोवती मास्कची रेघ काढून मी तो मास्क चष्म्याच्या फ्रेमच्या ट्रॅकला, म्हणजे तिच्या हालचालीच्या नोंदीला, बांधला, तर दोनच सेकंदांत मास्क एकीकडे आणि चौकोन दुसरीकडे. कारण कळल्यावर सोपं वाटलं. काच बाहेरून फुगीर असते, त्यामुळे तात्यांनी मान वळवली की फ्रेम आणि डोळा हलतात, पण दिव्याचं प्रतिबिंब पडद्यावर जवळजवळ जागेवरच राहतं, म्हणजे काचेवरून घसरत जातं. मग दोन ट्रॅक केले. एक चष्म्याच्या फ्रेमचा, सपाट भागाची हालचाल पकडणाऱ्या प्लॅनर ट्रॅकरने. दुसरा चौकोनाच्या कोपऱ्यांचा.

काठाच्या भागात उजेड कमी करायला कर्व्ह खाली ओढून पाहिला, तर कातडी राखाडी, मळकट झाली. प्रतिबिंब म्हणजे वर बसलेला थर नव्हे, तो वरून मिसळलेला जादा उजेड आहे. तो वजा करावा लागतो, आणि ती वजाबाकी बरोबर यायची तर फुटेज आधी लिनिअरमध्ये न्यावं लागतं, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात येतात. तसं करून चौकोनाच्या रंगाचा मंद उजेड वजा केला. हळूहळू पापणीची सुरकुती वर आली, मग खालचा पांढरा केस. त्या एका केसाकडे मी बराच वेळ बघत बसलो.

मधल्या पांढऱ्या भागासाठी शेजारच्या सेकंदात तात्यांनी मान खाली घातली होती, तिथली डोळ्याखालची कातडी घेतली. ती चष्म्याच्या फ्रेमच्या ट्रॅकवर बसवली आणि वर फुटेजइतकंच ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवा, टाकलं, नाहीतर ठिगळ प्लॅस्टिकसारखं चमकतं. थांबलेल्या फ्रेमवर हे सगळं ठीकच दिसतं. चूक कळते ती चालवून बघितल्यावर, ठिगळ थरथरतं तेव्हा.

डोळा मात्र असा उसना आणता येत नाही. दुसऱ्या सेकंदातली नजर दुसरीकडे असते, पापणी वेगळ्या वेळी लवते. 950 पैकी 14 फ्रेममध्ये बुबुळच पांढऱ्याखाली गेलं होतं. दादा म्हणाला, "रंगवून टाक की, कोण बघालंय?" मला ते पटलं नाही. त्या क्षणी तात्या कुठे बघत होते ते मला ठाऊक नाही, मग त्यांची नजर मी कशी काढू? तिथे त्यांच्या हाताचा शॉट टाकला, आवाज तसाच ठेवला. बाकी ठिकाणी चौकोनाचा हलका अंश मुद्दाम राहू दिला. सगळा काढला तर चष्म्यात काचच नाही असं वाटतं.

उरलेल्या मुलाखतीसाठी आम्ही परत गेलो. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर, नेला होता, पण त्याचा उपयोग झाला नाही. तो काचेवर तिरप्या पडणाऱ्या उजेडाला आवरतो, जवळजवळ समोरून परत येणाऱ्याला नाही. तात्याच म्हणाले, "चष्मा काढून ठेवतो की बाळा." पण चष्म्याविना ते डोळे बारीक करून बघायला लागले, चेहराच बदलला. मग दिवा दोन फूट वर घेतला आणि बाजूला सरकवला. उजेड काचेवरून खाली, ट्रायपॉडच्या पायांकडे परतायला लागला. एक कोपरा राहिला होता, त्यासाठी चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा उचलल्या, काच खाली झुकली आणि कोपराही गेला. तात्यांना डावीकडे, उजवीकडे, नातवाकडे बघायला सांगून मी मॉनिटरवर फक्त काचा बघत राहिलो.

"आता दिसालाय का डोळा?" त्यांनी विचारलं.

"दिसतोय, तात्या. दोन्ही."

मग त्यांनी त्या दिवशीची सकाळ सांगायला सुरुवात केली.