आमची वाटचाल: एका ओळीच्या पत्रापासून दोन पानी प्रस्तावापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा, एक जुना लेथ, एक रेडियल ड्रिल, मी आणि मिस्त्री, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. पैसे माझे होते, हात मिस्त्रींचे. बेअरिंग हाउसिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ते आधी इनसाइड कॅलिपरने चाचपायचे आणि मगच बोअर गेज लावायचे, आणि दोन्हींत फरक पडलेला मी क्वचितच पाहिला. ६२ मिलिमीटरचा रिंग गेज त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता. तो अजून त्यांच्या लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. बोअर गेज शून्यावर आणायचा तर याच रिंगवर, हा नियम त्यांचा. पुढे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जागा घेतली, सीएनसी टर्निंग सेंटर आली, पंपांच्या हाउसिंगचं काम वाढलं. ती वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते त्या दिवाळीबद्दल. आम्ही बोनस दिला आणि पाडव्यानंतर मशीन लावून देणारे आमचे तीन सेटर कामावर आलेच नाहीत. आमच्याच वसाहतीतल्या एका कारखान्याने तिघांनाही एकदम उचललं होतं. पगार थोडा जास्त आणि घरापासून गाडीची सोय. मुलांबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांनी त्यांना नेलं त्यांच्याकडे स्वतः शिकवलेला एकही माणूस नव्हता, आणि आजही नाही. वर्षानुवर्षं शिकवायचं आम्ही आणि तयार माणूस त्यांनी न्यायचा, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याच वेळी एका कॉलेजने आमच्याकडे प्रशिक्षणाला विद्यार्थी पाठवले होते. सोबत पत्र होतं एका ओळीचं: ‘आपल्या कारखान्यात प्रशिक्षण द्यावे ही विनंती.’ कोणाच्या हाताखाली, कुठल्या पाळीत, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं. सेटर गेल्यामुळे रात्रपाळीला एकाच ऑपरेटरकडे दोन मशीन आल्या, आणि हाताखाली त्या विद्यार्थ्यांतला एक मुलगा. एका हाउसिंगचा बोअर वरच्या हद्दीला टेकला होता. ड्रॉइंगवर ६२ एच-७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०, आणि गेजवर आला ६२.०२८. ऑपरेटर दुसऱ्या मशीनवरून ओरडला, ‘दहा मायक्रॉन कमी घे रे.’ मुलाने टूलच्या दुरुस्तीचा आकडा, म्हणजे वेअर ऑफसेट, उघडला. तिथे आधीच −०.१२० होतं. त्यात −०.०१० मिळवायचे तर `+INPUT` दाबायचं असतं. त्याने `INPUT` दाबलं. त्याने जुनी किंमत पुसली जाते आणि नवीनच बसते. −०.१३० व्हायच्या जागी ऑफसेट −०.०१० झाला, टूल बाहेर सरकलं आणि बोअर एकदम ०.११० ने वाढून ६२.१३८ वर गेला. ऑपरेटरला वाटलं मुलाने पुढचा नग मोजला असेल, मुलाला वाटलं ऑपरेटर मोजेल. सकाळपर्यंत सत्तरहून जास्त हाउसिंग ओव्हरसाइज. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा टूल फिरवून वाचवता आला असता, मोठा झालेला बोअर लहान होत नाही.

कास्टिंग गिऱ्हाइकाचं होतं, आमचं फक्त जॉबवर्क. त्यामुळे आमची मजुरी तर गेलीच, वर कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट आली. पुढचा लॉट माणसांअभावी उशिरा गेला. मशीनचे हप्ते चालूच होते, बँकेतून रोज फोन. एक मशीन विकायची बोलणी मी केली होती, गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं.

त्या वेळी उभे राहिले ते सांगलीचे आमचे जुने पंपवाले. ते स्वतः आले, खराब हाउसिंगची रास पाहिली आणि म्हणाले, ‘मालक, भिंत जाड आहे. बोअर मोठा करून बुश मारा, बुश फिनिश करा. शेतीपंपाच्या दुरुस्तीला मी वापरतो. नवीन पंपात नाही.’ मिस्त्रींनी एक-एक बुश हाताने बसवला. जवळजवळ सगळा माल वाचला, डेबिट नोट निम्म्याहून खाली आली, मशीन विकावी लागली नाही. त्या पंपवाल्यांचं काम आजही आमच्याकडे सगळ्यात आधी लागतं, बाकीचे काय म्हणतात ते म्हणोत.

मुलाला मी बोललो नाही. दोष त्या एका ओळीच्या पत्राचा होता. मी कॉलेजला तसं कळवलंही. उत्तर आलं नाही.

पुढे पदविकेला, राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या, म्हणजे एमएसबीटीईच्या, के-स्कीम अभ्यासक्रमात, १२ आठवड्यांची इंटर्नशिप आली तेव्हा मी ठरवलं की या वेळी पत्र आम्ही लिहायचं. जवळच्याच दुसऱ्या तंत्रनिकेतनाच्या प्राचार्यांना आम्ही दोन पानी प्रस्ताव दिला. मिस्त्रींनी सांगितलं आणि मी लिहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

पहिली अट संख्येची. एका तुकडीला चारच विद्यार्थी, दोघांमागे एक मार्गदर्शक सेटर, त्याचं नाव प्रस्तावातच लिहिलेलं. फक्त दिवसपाळी. मार्गदर्शक रजेवर असेल त्या दिवशी विद्यार्थी मशीनवर जाणार नाही, तपासणी विभागात बसेल. ऑपरेटर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला त्याच्या जागी उभं करायचं नाही, हे आम्ही स्वतःवर घालून घेतलेलं बंधन, आणि ते मोडलं तर कॉलेजने मुलं परत न्यावीत असंही लिहून दिलं.

दुसरी अट क्रमाची. पहिले दोन आठवडे मशीनला हात नाही, फक्त मोजमाप. याचं कारण आमच्या हाउसिंगवरच समजतं. सहनशीलता, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे ०.०३० मिलिमीटर आणि कॉलेजातल्या व्हर्नियरचं सगळ्यात लहान माप ०.०२. त्याने हा बोअर पास की नापास ते ठरवताच येत नाही. मग बोअर गेज येतो, तो रिंगवर शून्य करणं येतं, आणि शेवटी कळतं की नुकताच उतरलेला नग गरम असतो. बिडाचं हाउसिंग १५ अंशांनी जास्त गरम असेल तर ६२ चा बोअर साधारण ०.०१० ने मोठा दिसतो, म्हणजे सहनशीलतेचा तिसरा हिस्सा. गरम असताना ६२.००५ दाखवणारा नग थंड झाल्यावर हद्दीच्या खाली जातो आणि ६२०६ बेअरिंग त्यात नीट बसत नाही. हे ज्याला कळलं नाही त्याच्या हातात ऑफसेटचं पान द्यायचं नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात नग चढवणं-उतरवणं, बर काढणं, पहिला नग तपासून नोंदवणं. सातव्यापासून ऑफसेट, पण सेटरच्या डोळ्यांसमोर. आकडा वहीत लिहायचा, जुना किती, बदल किती, नवीन किती यायला हवा, आणि मगच बटण. पुढच्या नगाची मोजणी त्याच ओळीत. शेवटचे दोन आठवडे विद्यार्थ्याचं स्वतःचं छोटं काम, एखाद्या फिक्स्चरची सुधारणा किंवा सायकल टाइम.

तिसरी बाब कॉलेजची. विद्यार्थ्याच्या नावाचा अपघात विमा रुजू होण्याआधी हातात हवा. दहावीनंतर पदविकेला आलेल्या काही मुलांची चौथ्या सत्रानंतरही १८ वर्षं पूर्ण झालेली नसतात. तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८ त्यांना वेगळं धरायचा, वैद्यकीय दाखला मागायचा आणि चालू मशीन साफ करायला किंवा तिला तेल घालायला मनाई करायचा. म्हणून जन्मतारखेची यादी आधी, आणि असा विद्यार्थी आमच्याकडे तपासणीतच राहील. शिक्षकांनी दर तीन आठवड्यांनी पाळी चालू असताना यायचं आणि विद्यार्थ्याची वही मशीनजवळ उभं राहून बघायची, ऑफिसात चहा घेऊन नाही. बूट, चष्मा आणि विद्यावेतन आमचं.

चौथी ओळ मिस्त्रींची: प्रशिक्षणात खराब झालेल्या नगाची वसुली विद्यार्थ्याकडून किंवा कॉलेजकडून होणार नाही. माझ्या हिशेबनिसाने ती दोनदा खोडली आणि मी दोनदा परत लिहिली. पैसे कापले जातील या भीतीने मुलगा खराब नग राशीत खाली सरकवतो, आणि तो नग गिऱ्हाइकाकडे सापडतो.

विभागप्रमुखांनी दोन गोष्टींना हरकत घेतली. शिक्षकांना तासिका असतात, एकच भेट होईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की तीन भेटी नक्की, चौथी फोनवर, आणि बदल्यात सुट्टीत त्यांचे दोन शिक्षक आमच्याकडे दोन आठवडे येऊन सेटिंग शिकतील. दुसरी हरकत नोकरीची. पालक विचारतात, पुढे काय? आम्ही नोकरीचं वचन दिलं नाही. एवढंच लिहिलं की उत्तीर्ण झाल्यावर इच्छा असेल तर केंद्र सरकारच्या नॅट्स योजनेतून एक वर्षाची अप्रेंटिसशिप देऊ. पुष्कळ कारखानदार इथे गल्लत करतात. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि विद्यार्थी कॉलेजचा असतो. अप्रेंटिस मात्र १९६१ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या करारावर येतो, त्याची जबाबदारी पूर्णपणे आपली. पदविकाधारकाला किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी महिना ८,००० रुपये ठरलं आणि त्या किमान रकमेचा अर्धा भाग सरकार भरतं. हे गणित माहीत नसल्यामुळे लहान कारखाने या योजनेच्या वाटेला जात नाहीत.

कोणी विचारलेलं नाही, तरी वसाहतीतल्या माझ्या बंधूंना सांगतो. कोरं प्रमाणपत्र सही करून देऊ नका, कोणाच्याही ओळखीवर नाही. विद्यार्थ्याच्या वहीवर त्याच दिवशी सही करा, शनिवारी आठवड्याच्या सह्या एकदम मारल्या तर त्या वहीला काही किंमत राहत नाही. मुलांसाठी वेगळा बोअर गेज ठेवा, उत्पादनाचा देऊ नका. आणि सेटरला शिकवण्याचा भत्ता द्या. आम्ही देतो, म्हणून तो मुलाला बटण का दाबायचं ते सांगतो, नाही तर नुसतं ‘बाजूला हो’ म्हणतो.

पहिल्या तुकडीतल्या एका मुलीने नवव्या आठवड्यात मशीन थांबवली. वहीप्रमाणे नवीन आकडा −०.०८५ यायला हवा होता आणि पडद्यावर दुसराच दिसत होता. सेटरनेच घाईत चुकीचं बटण दाबलं होतं. एकही नग खराब झाला नाही. ती आता आमच्याकडे अप्रेंटिस आहे. त्या शेजारच्या कारखान्याचा निरोप तिलाही येऊन गेला आहे, हे मला ठाऊक आहे.

यंदाच्या प्रस्तावात दोन बदल मागितले आहेत. विद्यार्थ्यांची यादी आणि विम्याची कागदपत्रं उन्हाळी परीक्षेच्या आधी हवीत, कारण गेल्या खेपेला विमा उशिरा आला आणि पहिला आठवडा वाया गेला. आणि कॉलेजच्या मोजमाप प्रयोगशाळेला आम्ही आमची नापास हाउसिंग देऊ, म्हणजे मुलं इथे येण्याआधीच खऱ्या बोअरवर गेज धरायला शिकतील. पहिली खेप मिस्त्रींनी निवडून ठेवली आहे. प्रत्येक नगावर खडूने खरं माप लिहिलं होतं, मग ते पुसून यादी स्वतःजवळ ठेवली.