आमची वाटचाल: कडी-कोयंड्यापासून लिव्हर हँडलपर्यंत

आमचं हार्डवेअरचं दुकान आर्वीकडच्या एका खेड्यात आहे. बाबांनी सुरू केलं तेव्हा खिळे, कब्जे, कडी-कोयंडे, ताडपत्री आणि बैलाच्या वेसणीचा दोर, इतकाच माल होता. दाराला हँडल म्हणजे एक लोखंडी मूठ, ती ओढायला, बाकी बंद करायचं काम कडीचं. मग गावात स्लॅबची घरं वाढली, लग्नाआधी पोरासाठी वेगळी रूम काढायची पद्धत आली, आणि लोक येऊन म्हणू लागले, भाऊ, ते शहरात असते तसं गोल लॉक पाहिजे, आतून बटन दाबलं की बंद होते ते.

मी खुशीत नागपूरच्या इतवारीतून अर्धा डझन आणले. पहिलंच अंगावर आलं.

गिऱ्हाईक ओळखीचं होतं, पोराचं लग्न तोंडावर, नवीन रूमला ३२ एमएमचं फ्लश डोअर. वाढई आमच्याच गावचा, हाताने चांगला, पण त्याची सगळी हयात मॉर्टिस लॉक, म्हणजे पल्ल्याच्या कडेत खाच पाडून आत बसते ते, बसवण्यात गेलेली, आणि त्यात तो पल्ल्याच्या कडेपासून ४५ एमएमवर मध्य धरायचा. लॉक हातात यायच्या आधीच त्याने मोकळ्या वेळात ४५ वर मध्य धरून ५४ एमएमचं गोल भोक पाडून ठेवलं, म्हणे तेवढंच काम उरकते. लॉक पोचलं तर त्याचा लॅच, म्हणजे दाराच्या कडेतून चौकटीत शिरणारी जीभ आणि तिची नळी, ६० चा. आता हे ६० म्हणजे काय, तर दाराच्या कडेपासून गोल भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, त्याला बॅकसेट म्हणतात, आणि हे शब्द मला त्या दिवशीच पाठ झाले. या गोल लॉकांमधे ६० आणि ७० हे दोन माप चालतात, काही लॅच दोन्ही होतात, नळी पिळली की दहा एमएम लांब होते. पण ४५ काही होत नाही.

वाढई म्हणाला, भोक मोठं करतो ना भाऊ, काय त्यात. मी टेप लावला. ४५ वरचं भोक कडेपासून १८ ते ७२ एमएम जागा खाते, ६० वरचं ३३ ते ८७. दोन्ही मिळून ६९ एमएमचं लांबट भोक, आणि लॉकची गोल प्लेट तेवढ्यावर झाकतच नाही, बाजूने फट दिसणार, स्क्रू धरायला लाकूडही उरत नाही. शेवटी सागाची ५४ ची गोल चकती कापून गोंद लावून भोकात ठोकली, रात्रभर क्लॅम्प, सकाळी घासून सपाट केली, त्यावर मायका (नशीब, मायका लागायचा होता अजून), मग ६० वर नवीन भोक. तीन दिवस गेले, अर्धी मजुरी मी दिली. गिऱ्हाईकाने तोंडावर काही म्हटलं नाही पण लग्नात जेवायला बसलो तर हळूच ऐकवलं.

त्या तीन दिवसात एक गोष्ट अजून कळली, ती कोणी सांगत नाही. समजा ४५ चा लॅच मिळाला असता तरी गोल नॉब तिथे चाललाच नसता. नॉब ५२ एमएमचा धरा, म्हणजे मध्यापासून २६. ४५ मधून २६ गेले, उरले १९. आमच्याकडे चौकटीला खाच असते, पल्ला खाचेत बसतो, आणि ज्या बाजूने दार ढकलायचं त्या बाजूला चौकट पल्ल्याच्या कडेवर बारा एमएम तरी येते. मग उरले ७. सात एमएममधे बोटं घालून बघा, रोज सांध्यांची सालपटं निघतात. ६० वर हीच जागा २२ होते, ७० वर ३२. म्हणून नॉब घ्यायचा तर माझं मत, ७० च घ्या, पल्ल्यात आत लॉकच्या जागी भरीव लाकूड तेवढं असेल तर. फ्लश डोअर घेताना दुकानदाराला विचारा, लॉकचं लाकूड कोणत्या बाजूला आहे ते, काही पल्ल्यांना एकाच बाजूला असते, ड्रिल मारल्यावर पोकळी लागली की काम संपलं.

लिव्हरला ही कटकट नाही. आडव्या दांड्याला हात कडेपासून लांब पडतो, त्यामुळे ४५ चा मॉर्टिससुद्धा आरामात चालतो. आणि आमच्या गावात मी आता बहुतेकांना लिव्हरच सांगतो. म्हाताऱ्या आईले नॉब पिळता येत नाही, बोटं आखडलेली असतात, ओले हात घसरतात, दोन्ही हातात पाण्याच्या बादल्या असल्या तर लिव्हर कोपराने दाबता येतो. वाईट बाजू पण सांगतो, पदर अडकतो, म्हणून टोक दाराकडे वळलेला घ्या. एका घरी तर बकरीचं पिल्लू मागच्या पायावर उभं राहून लिव्हर दाबून रूममधे घुसलं, गादीवर लेंड्या. तिथे नॉब बरा होता.

आता डावा-उजवा. या भानगडीत मी दोनदा फसलो. सरळ दांड्याचा लिव्हर असेल तर बहुतेक दोन्हीकडे उलटवता येतो, पण वळणदार, लाटेसारखा असेल तर डाव्या दाराचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा, उलटा लावला की टोक वर तोंड करून बसते. मी इतवारीत फोनवर सांगितलं, लेफ्ट पाठवा. दार आत उघडणारं, बाहेरून उभं राहिलं तर कब्जे डाव्या हाताला. त्यांनी पाठवलं उजव्याला लागणारं. दोघंही खरे होतो! एका पद्धतीत दाराच्या बाहेर उभं राहून कब्जे बघतात, तर हे दार लेफ्ट. दुसऱ्या पद्धतीत दार ज्या बाजूला आपल्याकडे ओढल्या जाते तिकडून बघतात, म्हणजे इथे रूमच्या आतून, तर कब्जे उजवीकडे दिसतात आणि तेच दार राईट.

तेव्हापासून मी लेफ्ट-राईट हे शब्दच वापरत नाही. व्हॉट्सॲपवर वहीच्या पानावर चित्र काढून पाठवतो: भिंत, दाराचा पल्ला उघडा, कब्जा कुठे, मी कुठे उभा. सोबत पल्ल्याची जाडी, बॅकसेट, आणि बटन कोणत्या बाजूला. जाडी विसरू नका, काही लॉक ३५ च्या खाली ढिलं बसते, पातळ पल्ला असेल तर आधीच विचारा.

लॅचची जीभ उलटी आली तर मात्र घाबरायचं नाही. तिरकी बाजू त्याच दिशेला पाहिजे जिकडे दार बंद होताना जाते. आत्ता सांगितलेल्या आत उघडणाऱ्या दारात ते पॅसेजकडे, म्हणजे रूमच्या बाहेरच्या बाजूला. सपाट बाजू तिकडे राहिली तर दार आदळते, बंद होत नाही. गोल लॉकमधे पूर्ण लॅच काढून उलटा घाला, मॉर्टिसमधे बहुतेकवेळा जीभ ओढून फिरवता येते.

बाबा अजून काउंटरवर बसतात. हँडल मागायला कोणी आलं की आधी टेप पुढे करतात, म्हणतात, आधी जाऊन मोजून ये, अन् वाढयाले सांग, लॉक हातात येईपर्यंत ड्रिलले हात लावू नको. काही गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातात. गेल्या आठवड्यात त्यातलाच एक परत आला, पिशवीत नॉब होता आणि मोबाईलमधे भोकाचा फोटो. टेप धरून काढला होता म्हणून लगेच कळलं, ४५. सागाच्या चकत्या आता मी तयारच ठेवतो, त्यातली एक दिली.